कडू कागदामागचा गोड फोन

अंकुर म्हैसनेच्या तोंडातून 'खाला' हा शब्द निघाला की माह्या अंगावर पाल पडल्यासारखं होते. मी त्याची खाला, सख्खी मावशी, कधीपासून झाली? त्याची माय अन् मी एका ताटात जेवलो नाही. पण अमरावतीले त्याच्या हॉस्टेलवर मागच्या चैतात गेली, तं हा दारातच वाकला. "या खाला, उन्हाच्या कशाला आल्या? फोन करायचा ना, मीच आलो असतो अकोल्याला."

फोन! फोन करू करू माह्या पोराचं, शफीकचं, बोट झिजलं होतं. दोन वर्षांच्या जूनमधल्या भरतीले मिळून आमच्या कारखान्यातून त्याच्या चारही हॉस्टेलले गाद्या गेल्या. पहिल्या वर्षाच्या बिलातले थोडेसे पैसे आले, बाकी लटकले. दुसऱ्या वर्षाचा तं रुपया नाही. तरी दुसऱ्या वर्षी माल काहून देला म्हणान, तं अंकुरचा बाप देवमनराव माह्या नवऱ्याचा दोस्त होता. दोघंही आता मातीत गेले. दोस्ती तेवढी मागं राहिली, अन् तिच्यावर हे पोट्टं गाद्या घेऊन गेलं.

त्या दिवशी त्यानं मले खुर्ची देली, पंखा माह्याकडं फिरवला, लिंबू सरबत आणवलं. पैशाचं काढलं की म्हणे, "होऊन जाईल खाला, पालकांची फी यायची आहे." मी म्हटलं, "मले जरा मोरीकडं जाऊ दे." जिना चढून गेली, अन् तिथंच उभी राह्यली.

माही गादी. आमच्या शाइस्तानं, माह्या सुनेनं, जिच्या कडेले दुहेरी शिलाई मारली ती गादी मोरीच्या दारात पायपुसणं करून टाकली होती. वरून ओल, खालून बुरशी, अन् कोपऱ्यात कोणं तरी तंबाखूचा खर्रा थुकलेला. दुसरी एक गच्चीवर टाकीच्या गळतीखाली दुमडून ठेवली होती, पाणी शोषायले. वास असा की माहं सरबत घशाशी आलं. खोलीत एकाएका गादीवर दोन दोन पोरं झोपत होती. त्याईच्या मायबापाकडून पूर्ण गादीचे पैसे घेतले असतीन याच्यानं.

खाली आली तं हा हसून राहिला. "खाला, सरबत राहिलं तुमचं."

"तूच पे," म्हटलं अन् एसटी पकडली.

घरी शफीकले म्हटलं, वकील पाहा. त्याचं तोंड लहान झालं. "अम्मी, वकील कायले? देवमनचाचाचा पोरगा हाये तो. लोक काय म्हणतीन?"

"लोक म्हणतीन जहाँआराचा कारखाना बंद पडला. ते चांगलं वाटीन तुले?"

ते खोटं नव्हतं. आमी गाद्यांत भरायची रुई घेतो वामनरावच्या जिनिंग कारखान्यातून. वामनराव वाईट माणूस नाही, पण त्याचीही बाकी थकली होती, अन् त्यानं साफ सांगितलं होतं, "जहाँआराबी, दसऱ्याले नवी रुई येईन. जुनं मिटलं नाही तं मी एक गाठ देणार नाही. माह्याही डोक्यावर बँक हाये." हिवाळ्यात लग्नाच्या गाद्या भरल्या नाही तं आमचं वर्ष गेलं. मशीन विकावी लागली असती. सहा बाया शिवायले येतात, त्याईले काय सांगू?

वकीलबाई पौर्णिमा गावंडे. कोर्टाच्या मागच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावर माडी, तिथं बसते. वय माह्या धाकट्या पोरीचं, पण चष्म्यातून पाहते तं आपल्याले आपली पिशवी सावरावी वाटते. मी खुर्चीत बसली अन् सुरू केलं, "लिवा. त्याले लिवा का तू हरामखोर हायेस, मेलेल्या बापाच्या नावावर उधारी खाणारा हायेस, तुह्या हॉस्टेलात ढोरं बांधायच्या लायकीचं..."

तिनं पेन खाली ठेवला. "चाची, हे मला आवडलं. पण यातलं एकही वाक्य नोटिशीत जाणार नाही."

"काहून?"

"शिवी दिली की तो शिवीचं उत्तर देतो. बदनामी केली म्हणतो, आणि पैशाची गोष्ट बाजूला राहते. त्याला उत्तर द्यायला जागाच ठेवायची नाही. बिलं काढा."

मी पिशवीतून गठ्ठा काढला. तिनं एकेक बिल चाळलं, त्याच्यामागची डिलिव्हरी चलनं पाहिली. चलनावर हॉस्टेलच्या रेक्टरची सही, शिक्का अन् तारीख होती. तिथं तिचा चेहरा जरा खुलला. मग विचारलं, "कारखाना कोणाच्या नावावर आहे?"

"माह्या. उद्यमचा, लहान उद्योगाच्या नोंदणीचा, कागदही माह्या नावाचा."

"माल देण्याआधीचा आहे की नंतरचा?"

"आधीचा. चार वर्षांपूर्वी बँकेतल्या बाईनं काढून देला होता."

"वा चाची." तिनं तो कागद दोन वेळा पाह्यला. मग एक बिल उजेडात धरलं. "हे काय लिहिलंय खाली, पेनानं?"

शफीक बाजूले बसला होता. तो खाली पाहू लागला. प्रत्येक बिलाच्या खाली त्यानं सुरेख अक्षरात लिहिलं होतं, 'सवडीने द्यावे, ही विनंती.'

"अब्बा असंच लिवायचे," तो म्हणाला. "बिल देताना तारीख टाकली तं माणसाले वाईट वाटते."

वकीलबाईनं चष्मा काढला, पुसला. "शफीकभाई, उद्या कोर्टात त्याचा वकील म्हणेल, यांनीच लिहून दिलं, सवडीनं द्या. सवड झाली नाही अजून."

आपल्या घरची अदब, अन् ती आपल्याच गळ्यात.

"मग बुडालं का?" मी विचारलं.

"नाही. लहान उद्योगाला लेखी मुदत ठरवून दिली तरी पंचेचाळीस दिवसांपलीकडे ती चालत नाही, मुदत ठरलीच नसेल तर त्याहून कमी. कायदा सवड मोजत नाही. पण म्हणूनच नोटिशीत 'लवकरात लवकर' असा शब्द यायला नको. 'कृपया' नको, 'अन्यथा योग्य ती कारवाई' असं गुळमुळीतही नको."

मग तिनं बसल्या बसल्या सांगितलं अन् तिच्या मुनशीनं टाईप केलं, मी ऐकत राह्यली. आधी, मी कोण, तो कोण. नोटीस हॉस्टेलच्या भागीदारी फर्मच्या नावानं अन् अंकुरच्याही नावानं, कारण नुसतं फर्मच्या नावानं पाठवलं का भागीदार म्हणते मले कुठं मिळालं. मग माल कोणत्या तारखेले, कोणत्या बिलानं, कोणत्या चलनावर गेला, कोणाच्या सहीनं उतरला. किती मिळाले, किती राह्यले. माल घेतल्यावर पंधरा दिवसांत त्यानं एकही लेखी तक्रार केली नाही, हे वेगळ्या कलमात. त्याचे व्हॉट्सॲपचे वायदे, तारखेवार. मग मागणी. मुद्दल इतकं, त्याच्यावर व्याज इतकं, रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट, महिन्याच्या महिन्याले चढणारं. हे सारं नोटीस हाती पडल्यापासून पंधरा दिवसांच्या आत माह्या खात्यात. खाते नंबरही खाली.

"अन् नाही देलं तं?"

"हे नीट ऐका. नाही दिलं तर लहान उद्योगांसाठी जी परिषद आहे तिच्याकडे अर्ज. आधी समेटाला बोलावतात, नाही जमलं तर लवाद, आणि निकाल लागेपर्यंत व्याज चढतच राहणार. ते सगळं त्याच्या खर्चानं अन् जबाबदारीवर."

"पोलिसात टाकीन असं लिवा ना."

"नाही लिहिणार. उधारी राहिली म्हणून पोलीस उचलत नाहीत, आणि त्याच्या वकिलाला ते माहीत आहे. चाची, जे आपण करणार नाही ते लिहिलं, की जे करणार तेही खोटं वाटतं. मला फक्त एक सांगा. सोळाव्या दिवशी तुम्ही खरंच अर्ज टाकाल ना?"

"टाकीन."

"रडला तरी? पाया पडला तरी?"

"पाया तं तो पडणारच. त्याचा धंदाच तो आहे."

तिनं वाचून दाखवलं. सारं खरं होतं, एक शब्द रागाचा नव्हता. मले सांगायले लाज नाही, मले ते ऐकून जेवढा आराम वाटला तेवढा मी देलेल्या शिव्यानं कधी वाटला नाही. पोच येईन अशा स्पीड पोस्टानं दोन्ही पत्त्यांवर गेलं, ईमेलवरही गेलं. जाता जाता वकीलबाई म्हणाली, "आता त्याच्याशी कोणी बोलायचं नाही. फोन आला तर, वकिलाशी बोला, एवढंच."

पोच आली. मग सारं शांत. मुदत संपत आली, तेव्हा अंकुरच्या वकिलाचं उत्तर आलं. वकीलबाईनं आम्हाले बोलावलं. या खेपेले तिनं चहा सांगितला नाही, तेव्हाच मी समजली.

उत्तरात दोन गोष्टी होत्या. एक, का माल निकृष्ट होता, गाद्या सहा महिन्यांत बुरसल्या. माहं डोकं सणकलं. मोरीच्या दारात टाकली तं बुरसणार नाही तं काय फुलणार? वकीलबाई म्हणाली, "हे सोडा, ही तक्रार त्यानं माल उतरल्यावर पंधरा दिवसांत लिहून करायची होती. आता तिला जोर नाही. दुसरी गोष्ट ऐका."

तिनं मोबाईल टेबलावर ठेवला अन् उत्तरासोबत आलेला व्हॉट्सॲपचा निरोप लावला. त्यातून माह्या पोराचा आवाज आला, सरबतासारखा.

"अंकुरभाई, सलाम, नमस्ते. त्या कागदाचं मनावर घेऊ नका. अम्मी जरा तापट हाये, वकिलांची भाषा तशीच असते. आपले जुने संबंध हायेत. तुमी तुमच्या सवडीनं द्या, काई घाई नाई. नाराज होऊ नका."

मी शफीककडं पाह्यलं. पन्नाशीले आला, दोन पोरं कॉलेजात, अन् तोंड असं जसं लहान पोरानं काचेचा ग्लास फोडला.

"तू हे पाठवलं?"

"अम्मी, कडू कागद गेला, मागून एक गोड फोन जावा, एवढंच. अब्बाही असंच करत. बाजारात असंच करतात."

"बाजारात!" मी उठली. मले त्याची किळस आली, माह्या पोटच्या पोराची, हे सांगतानाही तोंड कडू होते. "त्या खर्ऱ्याच्या थुंकीवर माही गादी पडली हाये, अन् तू त्याले म्हणतं नाराज होऊ नका? नाराज कोण हाये इथं? सहा बायांचा पगार कोण देईन, तुहे संबंध?"

"अम्मी, लोकाईसमोर..."

"वकीलबाई लोक नाही. तिनं मेहनत करून एक धड कागद बनवला, तू त्याच्यावर गुळाचं पाणी ओतलं."

वकीलबाईनं हात वर केला. "चाची, बस. शफीकभाई मालक नाहीत, मालक तुम्ही आहात. पण बिलं तेच करतात, माल तेच पाठवतात, तर तो म्हणेल यांचा शब्द म्हणजे कारखान्याचा शब्द. यावर सहा महिने भांडत बसण्यापेक्षा आपण दुसरी नोटीस काढू. छोटी. की शफीकभाईंच्या निरोपातून काही सवलत दिली असं तुम्ही समजत असाल तर ती मागे घेतली. यापुढे मालकीणबाईंच्या लेखी सहीशिवाय कोणाचाही शब्द धरू नये. आणि या वेळी दिवस मोजायचे नाहीत, सरळ तारीख. दसऱ्याच्या आधीचा सोमवार, संध्याकाळी पाच. परिणाम तोच, शब्दही तेच."

"तेच काहून? जास्त कडक लिवा."

"परिणाम बदलला की तो समजेल आधीचा खोटा होता."

शफीकनं त्या दुसऱ्या नोटिशीच्या आमच्या प्रतीवर साक्षीदारासारखी सही केली. तशी गरज नव्हती. मीच करवली.

त्याच्यानंतर घरात मी सांगून ठेवलं, अंकुरचा फोन कोणीही घेणार नाही. शाइस्ता हसली, "अम्मी, सगळ्यात अवघड तुमालेच जाईन. तुमी चूप बसान?" खरं बोलली. रोज सकाळी मले दहा शिव्या सुचत होत्या, एकाहून एक चांगल्या. गिळल्या. गिळलेली शिवी पोटात आंबते, हे मले या वयात समजलं.

त्या सोमवारी दुपारी चार वाजता कारखान्याच्या दारात पांढरी गाडी थांबली. अंकुर उतरला, हातात मिठाईचा डबा, अमरावतीच्या मोठ्या दुकानातला, लाल फीत. मागून बायको, वर्षाली, तिले मुद्दाम आणली होती. बाई चांगली होती बिचारी, तिच्या डोक्यावरून पदर ढळत नव्हता. आत आला अन् सरळ माह्या पायाशी.

"खाला, तुम्ही मला कोर्टाचे कागद पाठवता? बाबांनी मला कडेवर घेऊन तुमच्या दुकानात आणलं होतं. तिथून घेतलेल्या गादीवर मी झोपलोय."

"तेव्हाची गादी तुह्या बापानं रोखीनं घेतली होती," मी म्हटलं.

बायका शिवता शिवता थांबल्या. मशीनीचा आवाज बंद झाला. शफीक दारात उभा होता, एकदा डब्याकडं पाहे, एकदा माह्याकडं.

अंकुरनं खिशातून चेक काढला. "अर्धे आत्ता देतो. बाकीचं आपण विसरून जाऊ, गाद्या खराब निघाल्या होत्या ना काही. तुम्ही फक्त इथं सही करा, हिशेब पूर्ण झाला म्हणून. दोघांचेही वकील मधून निघून जातील, घरची गोष्ट घरात." अन् त्यानं टाईप केलेला कागद पुढं सरकवला. स्टॅम्पही लावून आणला होता. रडत आला होता, पण स्टॅम्प लावायचं इसरला नव्हता.

त्याच्या बायकोनं त्या कागदाकडं पाह्यलं अन् मग नवऱ्याकडं. तिले हा कागद माहीत नव्हता, ते मले तेव्हाच दिसलं.

"चेक ठेव," मी म्हटलं. "वटला तं मुद्दलातून वजा होईन, तेवढंच लिवून देईन. हिशेब पूर्ण झाला असं मी लिवणार नाही. पूर्ण करायचा असीन तं नोटिशीत खाते नंबर हाये, फोनवरून आत्ता होते. पाच वाजेपर्यंत."

"खाला, माणुसकी..."

"माणुसकी तुह्या हॉस्टेलात मोरीच्या दारात पडली हाये, जाऊन उचल."

त्यानं चेक परत खिशात घातला. गोड चेहरा असा उतरला जशी साय निघून जाते, खाली आंबट. "शफीक, तू तर म्हणाला होतास सवडीनं," तो म्हणाला.

मी शफीककडं पाह्यलं नाही. पाह्यलं असतं तं तो माह्या भीतीनं बोलला असता, अन् मले ते नको होतं.

शफीक आत आला. मिठाईचा डबा उचलला, अंकुरच्या हातात देला. "मी चुकलो होतो, अंकुरभाई," तो म्हणाला. "सवड मी देली होती. ती द्यायचा हक माहा नव्हताच."

गाडी गेली. वर्षाली जाताना मागं वळून मले हात जोडून गेली. बाईच्या वाट्याले असा नवरा यावा अन् तिनंच हात जोडावे!

पाच वाजले. खात्यात काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वकीलबाईच्या माडीवर होतो. बिलं, चलनं, उद्यमचा कागद, दोन्ही नोटिसा अन् त्याईच्या पोचा, सारं स्कॅन करून अर्ज ऑनलाईन गेला. वकीलबाईनं शफीकले म्हटलं, "तुम्ही दाबा बटण." त्यानं दाबलं.

बाजारात हे गेलं. अकोल्यात असं जाते, सकाळी फाईल होते अन् दुपारी चहावाला विचारते. एक जण म्हणे जहाँआरानं दोस्ताच्या पोराले सरकारात ओढलं, पहा कशी बाई. दोन-तीन जणांनी मात्र वकीलबाईचा पत्ता इचारला, हळूच, जसं खाजगी दुखणं इचारतात.

परिषदेकडून अंकुरले पत्र गेलं. तिसऱ्या आठवड्यात मुद्दल खात्यात आलं, एका फटक्यात, एक शब्द नाही. खाला नाही, सरबत नाही. व्याजावर तो अजून भांडून राहिला, समेटाची तारीख लागली आहे, मी जाणार आहे. पण मुद्दल येण्याच्या आधीच, अर्ज टाकल्याच्या चौथ्या दिवशी, वामनरावचा माणूस आला होता. "मालक म्हणतात, नवी रुई आली. अर्धा माल घेऊन जा."

मी स्वतः गेली जिनिंगात. वामनराव गाठींच्या ढिगाजवळ खुर्ची टाकून बसला होता. मी म्हटलं, "जुनी बाकी तं अजून राह्यली ना. आता कसं मन झालं?"

"जहाँआराबी," तो म्हणाला, "नोटिसा काढणारे मी लय पाह्यले. तारीख गेल्यावर अर्ज टाकणारी तुमी पहिली. तुमच्या हातून पैसे येतीन, असं वाटलं." मग त्यानं खिशातून एक कागद काढला, जरा लाजत. "पण मीही आता शिकलो. वाचून घ्या."

कागदावर रुईचं वजन होतं, भाव होता, जुनी बाकी होती, पैसे द्यायची तारीख होती. अन् खाली, तारीख चुकली तं काय, तेही होतं, व्याजासकट, एकही गोड शब्द नाही. मी सावकाश पुरा वाचला. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईले वेळ लागते. क्षणभर मले राग आला, मले कागद देते हा! मग त्याच्यातली तारीख पाहिली. ती तारीख मले जमणारी होती.

"इथं जागा ठेवली नाही तुमी," मी म्हटलं.

"कायची?"

"माह्या सहीची."

त्यानं हसून पेन देला. मी सही केली, मोठी, पूर्ण नावानं, अन् शफीकले म्हटलं, गाडी लाव, गाठी चढव.